लीजच्या भाड्यात दडलेला व्याजदर कसा काढायचा: एका व्हीएमसी मशीनचा पूर्ण हिशेब

भोसरीतल्या एका वर्कशॉपचे मालक लीज कंपनीचं कोटेशन घेऊन माझ्याकडे आले होते. एकच पान होतं. व्हीएमसी मशीन, किंमत २०,००,००० रुपये अधिक जीएसटी. मुदत १२ तिमाही. भाडं ९५ पीटीपीक्यू, प्रत्येक तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ. मुदतीअखेर आरव्ही, म्हणजे मशीनचं उरलेलं मूल्य, किमतीच्या ५ टक्के. पानाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेनने लिहिलं होतं: ४.६७ टक्के. ते म्हणाले, "सर, बँक पावणेबारा मागते आणि हे लोक पाच टक्क्यांच्या आत देतायत. यात काही गडबड आहे का?"

आकडा खोटा नव्हता, पण तो व्याजदरही नव्हता. त्या पानावर व्याज हा शब्दच नव्हता, आणि लीजच्या कागदावर तो बहुतेक वेळा नसतोच. लीज देणारी कंपनी मशीन विकत घेते, तुम्हाला वापरायला देते आणि भाडं घेते. तिने मशीनमध्ये गुंतवलेल्या पैशावर तिला किती टक्के सुटतात, हे किंमत आणि भाड्याची रांग यांतून आपल्यालाच काढावं लागतं. तोच लीजमधला अंतर्भूत व्याजदर. फायनान्स लीजमध्ये तर मशीनचं जवळजवळ सगळं मूल्य भाड्यातूनच वसूल होतं, म्हणजे व्यवहार मुळात कर्जाचाच असतो. म्हणून तिथे हा दर कळल्याशिवाय बँकेच्या कर्जाशी तुलना होत नाही आणि हिशेबाच्या वहीतली नोंदही बरोबर होत नाही.

## पेनने लिहिलेला आकडा कुठून आला

पीटीपीक्यू म्हणजे दर हजार रुपयांच्या किमतीमागे दर तिमाहीचं भाडं. हजाराला ९५, म्हणजे वीस लाखांना १,९०,००० रुपये. अशी बारा भाडी मिळून २२,८०,००० होतात. त्यातून किंमत वजा केली की २,८०,००० उरतात. त्याला तीन वर्षांनी भागलं तर वर्षाला ९३,३३३, आणि वीस लाखांवर ते ४.६७ टक्के पडतात.

या पद्धतीत दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे वीस लाख रुपये तीन वर्षं पूर्णच्या पूर्ण तुमच्याकडे राहतात, असं ती धरून चालते. प्रत्यक्षात पहिलं भाडं मशीन ताब्यात घेतानाच द्यायचं आहे आणि नंतर दर तीन महिन्यांनी कंपनीचं तुमच्याकडचं येणं कमी होत जातं. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटी आरव्हीपोटी मिळणारे एक लाख त्यात मोजलेच नाहीत. ते धरले तर कंपनीला एकूण २३,८०,००० मिळतात आणि तिची खरी कमाई २,८०,००० नसून ३,८०,००० ठरते.

## आधी पैशांची रांग मांडा

गणिताला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि लीज देणाऱ्याच्या खिशातून काय गेलं, काय आलं आणि कधी, एवढंच लिहा. चुका होतात त्या बहुतेक याच पायरीवर.

सुरुवात किमतीपासून. मशीनच्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरला तर कंपनी विक्रेत्याला २३,६०,००० रुपये देते. पण वरच्या ३,६०,००० चं इनपुट क्रेडिट तिला मिळतं, म्हणून तिची गुंतवणूक वीस लाखच धरायची. भाड्यावरचा जीएसटी ती तुमच्याकडून घेऊन सरकारला भरते, म्हणजे ती तिची कमाई नाही, म्हणून भाडंही जीएसटीशिवाय घ्यायचं. एका बाजूला कर धरला आणि दुसरीकडे सोडला, तर निघणारा दर निरर्थक असतो. ज्याला क्रेडिट मिळत नाही, उदाहरणार्थ जीएसटीतून सूट असलेली वैद्यकीय सेवा देणारं रुग्णालय, त्याला लीज महाग पडते, हे खरं. पण तो त्याचा वाढीव खर्च झाला. देणाऱ्याचा दर त्याने बदलत नाही.

आता वेळ. काळ शून्य म्हणजे लीज सुरू होण्याचा दिवस. त्या दिवशी कंपनीचे वीस लाख जातात आणि पहिलं भाडं १,९०,००० लगेच परत येतं. म्हणजे तिने खरोखर दिले फक्त १८,१०,०००. पुढची अकरा भाडी पहिल्या ते अकराव्या तिमाहीच्या शेवटी येतात, कारण एका तिमाहीचा शेवट हीच पुढच्या तिमाहीची सुरुवात. बाराव्या तिमाहीच्या शेवटी भाडं नाही, फक्त आरव्हीचे एक लाख येतात.

आरव्ही म्हणजे मुदतीअखेर मशीनचं उरलेलं मूल्य, ज्याला हिशेबाच्या भाषेत अवशिष्ट मूल्य म्हणतात. त्याची हमी घेणाऱ्याने दिली असो वा नसो, देणाऱ्याचा दर काढताना ते धरायचंच. हमी असेल तर ते घेणाऱ्याकडून येईल, नसेल तर मशीन विकून येईल. कंपनीने भाडं ठरवताना ते जमेस धरलेलंच असतं.

अशा रीतीने आपलं समीकरण तयार झालं. असा तिमाही दर शोधायचा की अकरा भाड्यांचं आणि शेवटच्या एका लाखाचं आजचं मूल्य मिळून बरोबर १८,१०,००० भरेल.

## पहिला अंदाज आणि दोन चाचण्या

हे समीकरण सरळ सोडवता येत नाही. दर धरून बघायचा, कमी-जास्त करायचा आणि जवळ जायचं. कुठून सुरुवात करायची यासाठी मी एक ढोबळ अंदाज वापरतो. येणं सुरुवातीला १८,१०,००० असतं आणि शेवटी एक लाखाच्या आसपास येतं, तेव्हा सरासरी येणं ९,५५,००० धरू. कमाई ३,८०,००० आहे, म्हणजे तिमाहीला ३१,६६७. सरासरी येण्यावर ते ३.३ टक्के होतात. खरा दर याच्या आजूबाजूला असणार, म्हणून ३ आणि ३.५ हे दोन दर घेऊन बघू.

लागणारे घटक साध्या कॅल्क्युलेटरवरही निघतात. ३ टक्क्यांसाठी सिटिझनच्या नेहमीच्या कॅल्क्युलेटरवर `1 ÷ 1.03` करून `=` हे बटण अकरा वेळा दाबा आणि मग `GT` दाबा. पडद्यावर ९.२५२६ येईल. अकरा तिमाहींत दर वेळी मिळणाऱ्या एका रुपयाचं हे एकूण आजचं मूल्य. ते टिपून घ्या, सगळं पुसा आणि पुन्हा `1 ÷ 1.03` करून या वेळी `=` बारा वेळा दाबा. ०.७०१४ हा बाराव्या तिमाहीअखेरच्या एका रुपयाचा घटक आहे. दाबताना मोजणी चुकते, म्हणून मी दर वेळी ओठांनी आकडा म्हणत दाबतो. एक दाब इकडेतिकडे झाला तर उत्तर चुकतं, आणि ते चुकलंय हे बघून कळत नाही.

आता ३ टक्क्यांनी अकरा भाड्यांचं आजचं मूल्य १७,५७,९९९ येतं आणि एक लाखाचं ७०,१३८. एकूण १८,२८,१३७. आपल्याला हवे १८,१०,०००, म्हणजे १८,१३७ जास्त आले. आजचं मूल्य जास्त आलं की दर कमी धरलाय, असं समजायचं. ३.५ टक्क्यांचे घटक ९.००१६ आणि ०.६६१८ आहेत. त्याने एकूण १७,७६,४७३ येतात, म्हणजे ३३,५२७ कमी. खरा दर या दोघांच्या मधे आहे, आणि ३ टक्क्यांच्या जरा जास्त जवळ. प्रमाणात वाटणी केली तर:

```
3 + 0.5 × 18137 / (18137 + 33527) = 3.1755
```

हे उत्तर खऱ्याहून किंचित जास्त असतं. दर आणि आजचं मूल्य यांचं नातं सरळ रेषेत नाही, वक्र आहे, आणि आपण दोन बिंदूंमध्ये सरळ रेष ओढली. म्हणून दोन चाचणी-दर जितके जवळ, तितकी चूक कमी. १ आणि ६ टक्के घेऊन वाटणी केली तर ती डोळ्यांत भरेल इतकी होईल. अर्धा टक्क्याच्या अंतरात ती तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत मागे सरते आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला किंवा कोटेशन तपासायला एवढं पुरतं.

## स्प्रेडशीटवर

रोजच्या कामात अर्थात शीटच वापरायची. सगळी भाडी सारखी असतील तर एका ओळीत उत्तर येतं:

```
=RATE(12, 190000, -2000000, 100000, 1)
```

यातला शेवटचा `1` म्हणजे भाडं तिमाहीच्या सुरुवातीला. तो गाळला तर शीट शेवटी मिळणारं भाडं धरते आणि काहीही तक्रार करत नाही. किंमत उणे आहे कारण ती देणाऱ्याकडून गेली. भाडं आणि आरव्ही अधिक आहेत कारण ते आले. तिन्ही एकाच चिन्हाचे ठेवले तर `#NUM!` येईल.

भाडी असमान असतील, म्हणजे पहिल्या वर्षी कमी आणि पुढे जास्त, किंवा साखर हंगामाप्रमाणे ठरावीक तिमाहीतच, तर `RATE` चालत नाही. मग रांग एका स्तंभात लिहा: `B2` मध्ये -1810000, `B3` ते `B13` मध्ये 190000, `B14` मध्ये 100000. आणि:

```
=IRR(B2:B14)
```

मी सारख्या भाड्यांसाठीही हीच रीत पसंत करतो. रांग डोळ्यांसमोर असते आणि कुठला पैसा कुठल्या दिवशी धरलाय ते कुणालाही तपासता येतं. दोन्ही सूत्रांनी उत्तर एकच यायला हवं: तिमाहीला ३.१७३१ टक्के. नाही आलं, तर बहुधा रांगेतलं पहिलं भाडं किमतीतून वजा करायचं राहिलंय आणि भाड्यांची संख्या बाराची अकरा झालीय.

## दर खरा आहे का, याचा पुरावा

शीटने दिलेला दर मी तसाच लिहून देत नाही. येण्याचा तक्ता करून बघतो. तिमाहीच्या सुरुवातीला भाडं वजा झाल्यावर उरलेल्या येण्यावर ३.१७३१ टक्के व्याज लावायचं, ते येण्यात मिळवायचं, पुढचं भाडं वजा करायचं. दर बरोबर असेल तर शेवटी बरोबर आरव्ही उरतं.

| तिमाही | भाडं वजा जाऊन येणं | तिमाहीचं व्याज | तिमाहीअखेर येणं |
|---|---|---|---|
| १ | १८,१०,००० | ५७,४३३ | १८,६७,४३३ |
| २ | १६,७७,४३३ | ५३,२२७ | १७,३०,६६० |
| ३ | १५,४०,६६० | ४८,८८७ | १५,८९,५४६ |
| ४ | १३,९९,५४६ | ४४,४०९ | १४,४३,९५५ |
| ५ | १२,५३,९५५ | ३९,७८९ | १२,९३,७४५ |
| ६ | ११,०३,७४५ | ३५,०२३ | ११,३८,७६८ |
| ७ | ९,४८,७६८ | ३०,१०५ | ९,७८,८७३ |
| ८ | ७,८८,८७३ | २५,०३२ | ८,१३,९०५ |
| ९ | ६,२३,९०५ | १९,७९७ | ६,४३,७०२ |
| १० | ४,५३,७०२ | १४,३९६ | ४,६८,०९८ |
| ११ | २,७८,०९८ | ८,८२४ | २,८६,९२३ |
| १२ | ९६,९२३ | ३,०७५ | ९९,९९८ |

शेवटी ९९,९९८ उरले. दोन रुपयांचा फरक दर चार दशांश स्थळांवर तोडल्याचा आहे. (मधल्या ओळींत कुठे एका रुपयाचा फरक दिसला तर तो पैसे गाळल्याचा.) बारा ओळींतल्या व्याजाची बेरीज केली तर ३,७९,९९८ येते, म्हणजे आपण सुरुवातीला काढलेली ३,८०,००० ची कमाईच.

हा तक्ता नुसता पडताळा नाही. देणाऱ्याच्या पुस्तकात वित्तीय उत्पन्न याच क्रमाने येतं. लीज १ एप्रिलला सुरू झाली असं धरलं तर पहिल्या वर्षाचं उत्पन्न २,०३,९५५, दुसऱ्याचं १,२९,९४९ आणि तिसऱ्याचं ४६,०९३. तीन वर्षांत सारखं वाटलं असतं तर दर वर्षी १,२६,६६७ आले असते. पण येणं सुरुवातीला मोठं, म्हणून उत्पन्नही सुरुवातीला मोठं. लेखामानक हेच सांगतं: शिल्लक गुंतवणुकीवर दर कालखंडात सारखाच परतावा दिसला पाहिजे.

तक्ता चुकला तर कसा चुकला यावरून चूक कुठे आहे तेही कळतं. भाडं तिमाहीच्या शेवटी मिळतं असं चुकून धरलं तर दर २.६९ टक्के निघतो. तो खऱ्या तक्त्याला लावला की शेवटी एक लाखाऐवजी २९ हजारांच्या आसपास उरतात. आरव्ही विसरलं तर दर २.४८ टक्के निघतो, आणि त्या दराने बारावं भाडं वजा होताच येणं शून्य होतं. एक लाख कुठूनच येत नाहीत. वर्षाच्या भाषेत बोलायचं तर पहिल्या चुकीने १२.७ चे १०.७ झाले आणि दुसरीने ९.९. बँकेशी तुलना करताना एवढ्या फरकाने निर्णय उलटा होतो.

## तिमाहीवरून वर्षावर, आणि मग बँकेशी तुलना

३.१७३१ ला चारने गुणलं की १२.६९ टक्के. हा नाममात्र वार्षिक दर, तिमाही चक्रवाढीचा. बँकेचा ११.७५ मासिक हप्त्याचा होता, म्हणजे मासिक चक्रवाढीचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून चालत नाही. दोन्ही वर्षाच्या प्रभावी दरावर आणायचे:

```
=(1+3.1731%)^4-1
=(1+11.75%/12)^12-1
```

लीजचा दर १३.३१ टक्के येतो आणि बँकेचा १२.४०. शीटमध्ये `EFFECT` हे सूत्रही तेच करतं. `XIRR` वापरलं असेल तर ते तारखा बघून थेट प्रभावी वार्षिक दरच देतं. त्याला पुन्हा चक्रवाढ लावायची नाही. कंपनीने विक्रेत्याला पैसे एका तारखेला दिले, मशीन बसलं दुसऱ्या तारखेला आणि भाडं सुरू झालं तिसऱ्या तारखेला, असं असेल तेव्हा `XIRR` उपयोगी. प्रत्येक पैशासमोर त्याची खरी तारीख लिहा.

त्या मालकांना मी दोन्ही आकडे दाखवले. ते तक्त्याच्या पहिल्या ओळीकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतच सत्तावन्न हजार व्याजात गेले." तेवढ्यात त्यांना कोटेशनच्या मागच्या बाजूची एक ओळ आठवली, जी त्यांनी मला सांगितलीच नव्हती.

## अनामत

त्या ओळीत १० टक्के बिनव्याजी अनामत होती. सुरुवातीला दोन लाख द्यायचे, मुदत संपल्यावर परत मिळतील. ऐकायला ती केवळ सुरक्षेसाठी वाटते. पण कंपनीच्या बाजूने रांग पुन्हा मांडा. पहिल्या दिवशी तिचे वीस लाख गेले, १,९०,००० भाडं आलं आणि दोन लाख अनामत आली. म्हणजे तिने खरोखर दिले १६,१०,०००. मधली अकरा भाडी तशीच. शेवटी तिला एक लाख आरव्ही मिळेल आणि दोन लाख अनामत परत द्यावी लागेल, म्हणून `B14` मध्ये -100000.

आता दर निघतो तिमाहीला ३.९० टक्के, म्हणजे वर्षाला नाममात्र १५.६. भाडं एका रुपयानेही वाढलं नाही, आणि तरी दर जवळपास तीन टक्क्यांनी चढला. घेणाऱ्याचे दोन लाख तीन वर्षं कंपनीकडे फुकट पडून असतात, त्याचा हा परिणाम. म्हणून कोटेशन मिळालं की मी आधी पान उलटून बघतो. प्रोसेसिंग फीलाही हेच लागू आहे. कंपनीने सुरुवातीला घेतलेला प्रत्येक रुपया तिची गुंतवणूक कमी करतो आणि दर वाढवतो.

एक सावधगिरी. वहीत परत मिळणारी अनामत हे लीजचं भाडं नसतं. इंड एएस ही लेखामानकं पाळणाऱ्या कंपन्यांत ती वेगळी वित्तीय मत्ता म्हणून दाखवतात. म्हणून १५.६ हा व्यवहाराचा खरा खर्च समजून घेण्यासाठी. लेखामानकातला अंतर्भूत दर म्हणून तो लिहू नका.

## लेखामानकात या दराची व्याख्या कुठे वेगळी होते

भारतात लीजची दोन मानकं चालतात. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६, आणि बाकीच्यांसाठी एएस १९. दोन्हींत हा दर म्हणजे देणाऱ्याला मिळणारी रक्कम आणि हमी नसलेलं अवशिष्ट मूल्य यांचं आजचं मूल्य ज्या दराने मालमत्तेच्या रास्त मूल्याइतकं होतं तो दर. पण इंड एएस ११६ मध्ये रास्त मूल्यात देणाऱ्याचा प्रारंभिक थेट खर्च मिळवतात, उदाहरणार्थ ही लीज मिळवण्यासाठी दिलेलं कमिशन. आपल्या कंपनीने एजंटाला १५,००० दिले असतील तर सुरुवातीचा आकडा १८,१०,००० ऐवजी १८,२५,००० होतो आणि दर ३.१७ वरून ३.०३ वर येतो. अशा रीतीने तो खर्च वेगळा न दाखवता पूर्ण मुदतीत उत्पन्नातून आपोआप वजा होत जातो. देणारा स्वतःच मशीनचा उत्पादक किंवा विक्रेता असेल तर मात्र हा खर्च दरात घेत नाहीत, लगेच खर्ची टाकतात.

उत्पादक-विक्रेत्याच्या बाबतीत आणखी एक फरक आहे. त्याचा स्वतःचा खर्च वीस लाखांहून कमी असतो, पण दर काढायचा तो रास्त मूल्यावर. मधला फरक विक्रीचा नफा असतो, व्याज नाही. तो व्याजात घातला तर दर फुगलेला दिसतो आणि नफा तीन वर्षांवर पसरतो. निव्वळ वित्तपुरवठा करणारी कंपनी बाजारभावाने मशीन घेते, म्हणून तिथे किंमत आणि रास्त मूल्य एकच धरून चालतं. विक्रेत्याने सूट दिली असेल तर सुटीनंतरची किंमत घ्यायची.

दर हाती आला की लीज फायनान्स लीज आहे का, हेही एका नजरेत बघता येतं. बारा भाड्यांचं आजचं मूल्य आपल्या दराने १९,३१,२६१ येतं, म्हणजे किमतीच्या ९६.६ टक्के. आपल्या मानकांत ठरावीक टक्क्याची रेघ नाही, "बहुतांश" मूल्य वसूल होतंय का ते बघायचं असतं. ९६.६ वर वाद व्हायचं कारण नाही. ७० च्या आसपास आलं असतं तर करारातल्या बाकी अटी नीट वाचाव्या लागल्या असत्या.

## घेणाऱ्याला हा दर नेहमी काढता येत नाही

आपल्या उदाहरणात आरव्ही कोटेशनवर छापलेलं होतं. खूपदा ते नसतं. कंपनीने मनाशी मशीन १५ टक्क्यांना विकलं जाईल असं धरलेलं असतं आणि भाडं त्याप्रमाणे कमी ठेवलेलं असतं. घेणाऱ्याला ते दिसत नाही. आरव्ही शून्य धरून त्याने दर काढला तर तो खऱ्याहून कमीच येणार. म्हणून मानक घेणाऱ्याला पर्याय देतं: हा दर सहज कळत नसेल, तर तेवढ्याच मुदतीचं, तशाच तारणाचं कर्ज काढलं असतं तर जो दर पडला असता, तो वापरा. आरव्ही माहीत नसेल तर मी दोनदा दर काढतो, एकदा शून्य धरून आणि एकदा बाजारात तसं जुनं मशीन जेवढ्याला जातं तेवढं धरून. मालकाला दोन्ही आकडे देतो.

आणि देणाऱ्याच्या बाजूने बघाल तर हा दर करापूर्वीचा आहे. आयकरात मशीनचा मालक म्हणून घसारा लीज कंपनीला मिळू शकतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आयसीडीएस या वित्त कंपनीच्या प्रकरणात लीजवर दिलेल्या वाहनांबाबत हा हक्क मान्य केला. त्यामुळे दोन कंपन्यांनी एकाच मशीनला वेगळं भाडं लावलं आणि त्यांचे अंतर्भूत दर वेगळे निघाले, तरी ज्या कंपनीकडे घसारा वजा करण्याइतका नफा आहे तिला कमी दरातही तेवढंच सुटत असेल.

भोसरीच्या त्या मालकांनी कंपनीला फोन करून अनामत काढायला सांगितली. चार दिवसांनी नवं पान आलं: अनामत नाही, भाडं ९७ पीटीपीक्यू, बाकी सगळं तेच. `RATE` मध्ये १,९०,००० च्या जागी १,९४,००० टाकून बघा आणि निघेल तो दर १५.६ च्या शेजारी ठेवा.